जावयाची कोरी पँट

आमच्या नणंदेचं लग्न वैशाखात झालं आणि ज्येष्ठात तिच्या सासरी आमच्या पँटची गोष्ट झाली. त्या गोष्टीमुळे दिवाळीपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. आता त्याचं हसू येतं, म्हणून लिहून ठेवते.

लग्नात जावयाला द्यायची पँट ह्यांनी आणली होती. तेव्हा बेंगळुरात एक्स्पोर्टच्या मालाची दुकानं नवीन झाली होती. परदेशी जाणारा माल उरला की तिथे स्वस्तात विकायचे. ह्यांना त्या दुकानांचं फार वेड. घरी कापड आणून शिंप्याकडे टाकायचं म्हणजे जुन्या लोकांचं काम, असं त्यांचं मत. माझे वडील शिंपी होते, हे विसरून ते माझ्यासमोरच असं बोलायचे. जावयाला नुसतं एकदा पाहून ते दुकानात गेले आणि पँट घेऊन आले. "माझी नजर म्हणजे टेप," म्हणाले. आणि खरंच, लग्नात पँट अशी बसली की सगळे बघत राहिले. पाय बुटाच्या वरच्या कडेला नेमका टेकला होता. हे चार दिवस त्याच आनंदात होते.

मग येलहंक्याला, नणंदेच्या सासरी, ती पँट पहिल्यांदा धुतली गेली. सुती होती, जाड विणीची. वाळून खाली आली तर घोट्याच्या वर.

विहीणबाई वाईट नाहीत. पण त्यांना एक गोष्ट मिळाली की त्या ती पुरवून पुरवून वापरतात. नणंद पंचमीला माहेरी आली तेव्हा तिने सगळं सांगितलं. घरी कोणी आलं की विहीणबाई ती पँट दोरीवर दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या सुनेच्या माहेरची. पुढच्या धुण्यात नातवाला होईल." नातू अजून व्हायचा होता, त्यामुळे सगळे दुहेरी हसायचे.

नणंद मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, "वहिनी, दिवाळसणाला पुन्हा पँटच द्यायची म्हणतोय दादा. तू बघ गं. परत आखूड झाली ना, तर मी वर्षभर ऐकणार. आत्ताच भाजी कमी पडली तरी म्हणतात, धुतलीस काय?"

मी म्हटलं, "ह्यांना सांग."

"त्याला सांगून काय होणार? तो म्हणतो, त्यांच्या येलहंक्याच्या पाण्यातच दोष आहे."

ती माझी धाकटी, पण माझ्याशी मैत्रिणीसारखी. माझं तोंड घरात फार उघडत नाही, हे ठाऊक असूनही ती मलाच सांगायची. कारण मी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होते. दिवसभर टेप घेऊन कंबर, लांबी, बाही मोजायची आणि चुकीचा नग बाजूला काढायचा. तिथे मला बोलावं लागत नसे, म्हणून ते काम मला आवडायचं.

कारखान्यात एक गोष्ट मी शिकले होते. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, ते मुख्यतः लांबीत. आडवं फार कमी आटतं. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात, पाणी लागलं की ते सैल होऊन मूळ जागी येतात. एकदा आटलं की पुढच्या धुण्यात फारसं काही होत नाही. म्हणून काही माल शिवल्यावर कारखान्यातच धुऊन काढायचे, तो पुढे आटत नाही. आणि काही माल कोराच जायचा. लेबल दोन्हीवर तेच, नंबर तोच. डोळ्याने बघून दुकानदारालासुद्धा कळत नाही, बोटाने कळतं.

मी नणंदेला एक जाड दोरा दिला. म्हटलं, "त्यांची जी पँट त्यांना सगळ्यात बरी बसते, जुनी, पुष्कळ वेळा धुतलेली, ती मोज. कमरेला एक गाठ, लांबीला दुसरी. नवी मोजू नकोस."

"आणि त्यांनी विचारलं, काय करतेस?"

"सांग, वहिनी जादूटोणा शिकली."

तिने गणपतीत दोरा आणून दिला. टेपला लावला. कंबर बत्तीस, लांबी वरच्या पट्ट्यापासून खालपर्यंत चाळीस.

दसरा झाल्यावर मी ह्यांच्याबरोबर दुकानात गेले. सासूबाईंनी निघताना आपला नियम सांगितला, "सुती असेल तर एक नंबर मोठी घ्या." हा नियम पुष्कळ घरांत आहे आणि पुष्कळ घरांतल्या पुरुषांच्या पँट म्हणूनच मागे पोत्यासारख्या लोंबतात. नंबर कमरेचा असतो. एक नंबर मोठी म्हणजे कंबर दोन इंच जास्त, आणि कंबर तर आटतच नाही म्हटलं तरी चालेल. आटते लांबी. पण हे सासूबाईंना सांगायला मला दोन वर्षं लागली असती. मी नुसती मान हलवली.

दुकान एका गल्लीत जिन्याखाली होतं. दुकानदार कानडीत बोलायचा, मध्येच हिंदी. ह्यांनी लगेच एक बिस्किटी रंगाची पँट उचलली. दुकानदार म्हणाला, "सर, हा धुतलेला माल. आटणार नाही. गॅरंटी."

मी पँट हातात घेतली. कापड कडक, हाताला कांजी लागत होती. बाजूची शिवण अगदी सपाट. धुतलेल्या मालाच्या शिवणीला बारीक चुण्या पडतात, कारण कापड आटतं आणि दोरा तेवढा आटत नाही. धुतलेल्या मालाचं लेबलही मऊ पडून वळतं. इथे सगळं कसं इस्त्री केलेल्या कागदासारखं.

मला बोलायचं होतं, पण दुकानदार समोर, हे बाजूला. मी ह्यांच्या कोपराला हळूच बोट लावलं आणि म्हटलं, "धुतलेली नाही."

हे मोठ्याने म्हणाले, "धुतलेली नाही म्हणतात ह्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "अक्कांना कसं कळलं?"

मी पँट उलटी करून पुन्हा लेबल बघू लागले. हेच म्हणाले, "ह्या कारखान्यात आहेत. दिवसाला शंभर पँटींना नापास करतात. मी एकटाच अजून पास आहे."

दुकानदार हसला. "सरी, ठीक आहे, अक्का. धुतलेली नाही. पण आटेल ती स्वल्पच."

स्वल्प म्हणजे किती, हेच तर मला हवं होतं.

जिन्याखाली आल्टरेशनचा म्हातारा अण्णा मशीन घेऊन बसला होता. त्या दुकानातल्या पँट पाय शिवायचे ठेवूनच यायच्या, चव्वेचाळीस इंच लांब. गिऱ्हाईक घालून बघायचं आणि अण्णा उरलेलं कापून, खालची कड आत वळवून मोड घालून द्यायचा. त्याच्या पायाशी कापलेल्या पायांची टोकं पडलेली होती, कडीसारखी गोल. त्यात मला आमच्याच बिस्किटी कापडाचं एक दिसलं, चांगलं सात इंच रुंद. कोणी फार बुटका माणूस येऊन गेला असणार. त्याचे उपकार मी अजून विसरले नाही.

मी वाकून ते उचललं आणि अण्णाकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "घे अक्का. तवा धरायला बरं पडतं."

पँट घेतली, बत्तीस नंबर. ह्यांना पाय तिथेच कापून हवे होते. मी नको म्हटलं. इतकं स्पष्ट नको म्हटल्यावर त्यांनी पँट तशीच पिशवीत घातली, कारण तसं मी वर्षातून एकदोनदाच म्हणते.

घरी आल्यावर मी त्या टोकावर उभ्या धाग्याच्या बाजूने पाच इंचांवर लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. आडव्या बाजूने दहा इंचांवर दोन. मग गरम पाण्यात भिजवलं, साबण लावून चोळलं, पिळलं, दोरीवर वाळवलं, इस्त्री केली आणि पुन्हा मोजलं. कारखान्यात नव्या कापडाचा तुकडा असाच मोजायचे. आडवं अर्धा सूतसुद्धा धड कमी झालं नव्हतं. उभे पाच इंच मात्र दीड सूत कमी भरले. इंचाचे आठ सूत. चाळीस इंच म्हणजे पाच इंच आठ वेळा. आठ वेळा दीड म्हणजे बारा सूत, दीड इंच. मी दोनदा मांडून पाहिलं. दुकानदाराचं स्वल्प दीड इंचाचं होतं.

सासूबाईंनी दोरीवरचं ते वाळत घातलेलं बघितलं होतं. "हे काय?"

"कापड बघते. आटतं का."

"ह्याला पाण्यात घाल नाहीतर तेलात तळ. पँटला पाणी लावू नकोस हो. जावयाला द्यायची ती कोरी पाहिजे. एकदा धुतलं की ते आपलं वापरलेलं झालं."

हा आमच्या घरातला जुना पाळलेला नियम. आहेराचं कापड कोरंच. कुंकवाचं बोट लावायचं आणि द्यायचं, घेणाऱ्याने ते तसंच घालायचं. म्हणजे अडचण अशी की, कोऱ्या पँटची लांबी पाडव्याला चाळीस दिसायला हवी आणि येलहंक्याला धुतल्यावरही चाळीसच राहायला हवी. कापड तर दोन्ही वेळा सारखं राहणार नव्हतं.

पण माझ्या वडिलांच्या दुकानात ह्याला साधं उत्तर होतं. पाय साडेएकेचाळीसचा ठेवायचा, मोड वेगळा. जास्तीचा दीड इंच आत दुमडून लांब लांब कच्चे टाके घालायचे. घालताना चाळीस. धुतल्यावर टाके उसवायचे, दुमडलेलं उघडायचं, पुन्हा चाळीस. नणंदेला उसवायचं तेवढं सांगितलं की झालं. मी ठरवलं की नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी कारखान्याला सुट्टी लागली की बसून हे करायचं. पँटची घडी घातली, तिच्याभोवती नणंदेचा दोरा गुंडाळला आणि कपाटात ठेवली.

दीड इंचाची गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. तिथे मी चुकले. मला वाटलं, जे मला कळलं ते मी करीन, बोलायचं कशाला.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी कारखान्यातून आले तर हे दारातच हसत उभे. "तुझं एक काम केलं."

"कुठलं?"

"पँट. दुकानातल्या अण्णाकडे जाऊन पाय शिवून आणले. तू दोरा बांधूनच ठेवला होतास, मला कळलं. अण्णाला म्हटलं, ह्या गाठीवर. बरोबर चाळीस. सूतभर इकडे नाही, तिकडे नाही."

मी पँट उलगडली. बरोबर चाळीसच होती. कापून, आत मोड घालून, मशीनने शिवून.

"काय गं? चुकलं?"

त्यांचं तोंड इतकं खूश होतं. मी म्हटलं, "नाही. छान शिवलंय."

रात्री जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. साडेअडतीस इंचांची पँट येलहंक्याच्या दोरीवर वाळते आहे आणि विहीणबाई शेजारणीला हाक मारत आहेत, असं दिसायला लागलं. नणंदेचं तोंडही दिसायचं.

सकाळी मी पायाचा मोड आतून चाचपला. अण्णाने कापड सढळ ठेवलं होतं. आत वळवलेली कड धरून मोड पावणेदोन इंचांचा होता. म्हणजे धुतल्यावर मोड पूर्ण उघडला तर चाळीस भरेल, पण मग खाली मोड घालायला काही उरणार नाही. उघडी कड तर ठेवता येत नाही. तिथे खालून वेगळी पट्टी जोडून ती आत वळवावी लागते. आणि त्या पट्टीचं कापड तेच हवं, आणि आधी आटलेलं हवं. नाहीतर ती पुढच्या धुण्यात आटून पायाला चुण्या पाडणार.

बुटक्या गिऱ्हाइकाचं टोक माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. दोन पायांना दोन-दोन इंचांच्या पट्ट्या त्यातून सहज निघत होत्या. म्हणजे कापड होतं, रीत होती, हात होते. फक्त हे काम पँट धुतल्यावरच करता येणार होतं. आधी पट्टी लावली तर पाडव्याला पँट दीड इंच लांब होऊन जमीन झाडणार. आणि नणंदेला सुईत दोरा ओवायलासुद्धा कोणीतरी लागतं. म्हणून पँटचं पहिलं धुणं आमच्याच घरी व्हायला हवं होतं. पण जावयाला पाडव्याला दिलेली पँट त्याच दिवशी काढा, धुवायची आहे, असं कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी भाऊबिजेचं जेवून ते दोघं येलहंक्याला जाणार, ती पँट घालूनच जाणार, विहीणबाई दारात बघायला उभ्या राहणार.

नणंद पाडव्याच्या आदल्या दिवशी आली. मी तिला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिला हसू येत होतं, भीतीही वाटत होती.

"म्हणजे पँट घाण व्हायला पाहिजे," ती म्हणाली.

"हो."

"पण अशी की डाग राहायला नको."

"हो."

"मग वरण नको. हळद जात नाही. जिलबीचा पाकही नको, पिवळा असतो." ती विचार करत होती जणू पाककृती ठरवतेय. "मठ्ठा. वहिनी, मठ्ठा तू वाढ. आणि सांड."

"मी?"

"मी त्यांच्याशेजारी जेवायला बसणार. आईला सांगता येत नाही. दादा सांडेल, पण सगळ्या चाळीला सांगून सांडेल. तूच राहिलीस."

पाडव्याला ओवाळणं झालं. सासूबाईंनी पँटला कुंकवाचं बोट लावून ती जावयाच्या हातात दिली. ते आत जाऊन घालून आले. कंबर नेमकी, पाय नेमका. हे माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. जावई म्हणाले, "वहिनी, ह्या वेळी बसली हो. धुतल्यावर किती वर जाईल, तेवढं आधी सांगून ठेवा, म्हणजे मोजे त्या रंगाचे घेतो."

ते असे बोलायचे, पण लागू नये असं बोलायचे. नणंदेने मात्र ताटाकडे बघितलं.

पाट मांडले होते. जावई मांडी घालून बसले, पँटवर एक सुरकुती न पडेल अशी काळजी घेऊन. मी मठ्ठ्याची कासंडी घेऊन आले. हात कापत होता. मनात म्हटलं, आता कापतोच आहे तर कापू दे, आपोआप सांडेल. पण आयुष्यभर वाढलेल्या हाताला सवय असते. मी वाकले, पेला काठोकाठ भरला, एक थेंब बाहेर गेला नाही.

नणंद माझ्याकडे बघत होती. मी आत गेले, भिंतीला टेकून उभी राहिले, पुन्हा आले. "भावोजी, आणखी थोडा." त्यांनी एक घोट घेतला होता, मी तेवढीच जागा भरली. पुन्हा एक थेंब नाही.

"वहिनी," जावई म्हणाले, "तुमच्या घरी मठ्ठ्याला एवढं महत्त्व आहे, हे मला आज कळलं."

तिसऱ्यांदा काय निमित्त काढून जायचं, कळेना. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी बघत होते. नणंदेने जेवण थांबवलं होतं. तेवढ्यात सासूबाई जिलबीचं ताट घेऊन आग्रहाला निघाल्या. "एक तरी घ्या," म्हणत जावयापाशी वाकल्या. आणि त्यांच्या कोपराने तो काठोकाठ भरलेला पेला असा पडला की सगळा मठ्ठा मांडीत. एका बाजूला नाही, अगदी मध्ये. आलं आणि कोथिंबिरीसकट.

सगळे उठले. हे ओरडले, "आई, बघून तरी." जावई पाटावर तसेच बसून होते, दोन्ही हात वर.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज फार शांत होता. "वय झालं माझं. जा हो, बदला. ह्याची लुंगी देते. सूनबाई, ती पँट लगेच पाण्यात टाक. गरम पाण्यात. आंब्याचा हंडा अजून गरम आहे."

अंघोळीचा तांब्याचा हंडा असा आमच्याकडे आंब्याच्या लाकडावर तापायचा, म्हणून आंब्याचा हंडा. त्यांनी गरम पाणी का सांगितलं, हे मला मागच्या अंगणात पँट चोळताना कळलं. दुधादह्याच्या डागाला त्या नेहमी आधी गार पाणीच घ्यायला सांगत.

त्या मागे आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"तुझ्याने सांडणार नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी पँट चोळत राहिले.

"ते गोल टोक तू सात वेळा डब्यातून काढून बघतेस. त्या दिवशी ह्याने पँट शिवून आणली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. तुझ्या सासऱ्यांचा सदरा असाच पोटापर्यंत आला होता माझ्या लग्नानंतर. सहा महिने ऐकलं मी माझ्या सासूचं." मग म्हणाल्या, "कोरी द्यायची होती, दिली. कोरी घातली त्यांनी. आता धुवायला काय झालं? चोळ नीट."

पँट गच्चीवर उन्हात वाळली. संध्याकाळी खाली आणून टेप लावला. साडेअडतीस, मी मांडलं होतं तेवढंच. नणंदेने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. जावई बाहेरच्या खोलीत ह्यांच्या चौकड्याच्या लुंगीत बसले होते. लुंगीची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते खुर्चीवरून उठतच नव्हते, पाणीसुद्धा बसल्या जागी मागत होते. ह्यांनी त्यांना तेवढ्यात दोन तास राजकारण ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसले. मोड उसवला, दाबून सपाट केला. त्या बिस्किटी टोकातून दोन पट्ट्या कापल्या. पट्टी पायापेक्षा जरा ढिली होती, ती शिवणीत घेतली. सुलटी बाजू सुलट्या बाजूला लावून कडेने मशीन मारली, पट्टी आत वळवली, आतून हाताने बारीक तुरपाई घातली. मशीनच्या जुन्या टाक्यांची भोकं दिसत होती, तिथे ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली, ती बुजली. दोन्ही पाय मोजले. चाळीस. आता हे कापड आटून झालं होतं, पट्टीही आटून झाली होती. विहीणबाईंनी कितीही वेळा धुवावं.

भाऊबिजेचं जेवण झाल्यावर जावई ती घालून बाहेर आले. ह्यांनी वाकून पाय बघितला, बुटाच्या कडेला बोट लावून बघितलं आणि उभे राहून मला म्हणाले, "बघितलंस? धुतली, तरी चाळीसची चाळीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, गाठीवर काप. मागच्या वेळी पाण्याचाच दोष होता."

सासूबाई पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "हो." नणंद देवाच्या खोलीत जाऊन हसून आली.

मार्गशीर्षात तिचं पत्र आलं. पँट तीन वेळा धुतली, विहीणबाईंनी जुनी पँट शेजारी लावून बघितली, दोनदा बघितली आणि काही बोलल्या नाहीत. आता जुनी पँट फाडून लादी पुसायला घेतली आहे. आणि विचारताहेत की धाकट्या मुलालाही तिथूनच आणायची आहे, दुकान कुठे आहे. ह्यांनी ते पत्र दोन वेळा मोठ्याने वाचून दाखवलं आणि दुकानाचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून पाठवला. मी त्याखाली एक ओळ घातली, की पाय कापण्याआधी मला एकदा दाखवा. पत्रात का होईना, मी म्हटलं.

पुढच्या वर्षी पाडव्याला ती दोघं आली. सासूबाईंनी कुंकू लावून जावयाच्या हातात पुन्हा एक पँट दिली. ते घालून आले, पाटावर बसले. त्यांच्या बाजूला एक कापडी पिशवी होती. त्यात काय आहे, म्हणून ह्यांनी विचारलं.

"दुसरी पँट," जावई म्हणाले. "लुंगी नको." मग सासूबाईंकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाले, "आई, मठ्ठा आधीच वाढा. वर ऊन आहे तोवर वाळेल."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ह्यांना काहीच कळलं नव्हतं. मी कासंडी उचलली, वाकले आणि ह्या वेळी माझ्या हातून थोडा सांडला.